दादा, तुमची पद्धत मला जमत नाही

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला पुण्यात आलेल्या मुलामुलींना सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आसपास मार्गदर्शन करणारा एखादा सीनिअर हमखास भेटतो. हे मार्गदर्शन सुरू कसं होतं ते सगळ्यांना माहीत असतं, पण पटत नसेल तर थांबवायचं कसं, याची रीत कुठेच नाही. ‘दादा, तुम्ही खूप केलंत, आभारी आहे, पण तुमची सांगण्याची पद्धत मला लागू पडत नाही, तेव्हा यापुढे नको’ असं कुणी तोंडावर सांगितलं तर अभ्यासिकेत त्याला उद्धट ठरवतात. माझं मत नेमकं उलटं आहे. असं सांगण्याचा ज्युनिअरला हक्क आहे आणि ज्या माणसाने आपल्यासाठी फुकट वेळ घातला, त्याच्या बाबतीत ते आपलं कर्तव्यही आहे.

हा प्रश्न आजच इतका टोकदार का झाला, याला परीक्षेतल्या बदलाचं कारण आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आधी 800 गुणांची होती आणि त्यात हाताने लिहायचा पेपर फक्त भाषेचा, 100 गुणांचा. बाकी सगळे पर्याय निवडायचे प्रश्न. 2025 पासून ती यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक झाली. आता निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि वैकल्पिक विषयाचे दोन असे 1750 गुण लिहून मिळवायचे, आणि वर 275 गुणांची मुलाखत. पर्यायांच्या परीक्षेत उत्तरतालिका हातात आली की आपलं काय चुकलं ते स्वतःचं स्वतःला कळायचं. अडीचशे शब्दांच्या उत्तराला अशी तालिका नसते. ते चांगलं झालं की वाईट, हे कळायला दुसऱ्या कुणीतरी वाचावं लागतं. क्लासच्या टेस्ट सिरीजला पैसे पडतात, वही परत यायला वेळ लागतो, आणि आली की समासात ‘आशय वाढवा’, ‘चांगला प्रयत्न’ असे दोन-तीन शेरे दिसतात. मग मुलं दादाकडे वळतात. दादाने दोन-तीन मुख्य परीक्षा दिलेल्या असतात, कधी मुलाखतीपर्यंत जाऊन आलेला असतो, कधी एखादी पोस्ट हातात असून वरच्या पोस्टसाठी अभ्यास करत असतो. संध्याकाळी चहाच्या टपरीवर किंवा अभ्यासिकेच्या जिन्यात तो चार मुलांची उत्तरं बघतो आणि एक रुपयाही घेत नाही.

त्याला हे किती महाग पडतं, ते आधी समजून घ्यायला हवं. पंधरा गुणांचं एक उत्तर नीट वाचून त्यावर काही उपयोगाचं सांगायचं म्हटलं तर दहा-पंधरा मिनिटं जातात. चौघांचं एकेक उत्तर रोज बघायचं म्हणजे जवळपास तास गेला, आणि हा तास तो स्वतःच्या अभ्यासातून काढतो. त्याचीही परीक्षा तीच आहे, कट ऑफ तोच आहे. म्हणून इथल्या कृतज्ञतेत खोटं काही नसतं. आणि नेमकी ही कृतज्ञताच जीभ बांधून ठेवते. ज्याने इतकं केलं त्याला ‘नको’ कसं म्हणायचं, या विचाराने मुलं दुसरा मार्ग धरतात. आज ताप आहे, उद्या गावाला जायचंय, परवा प्रिलिमच्या रिव्हिजनचं कारण. मग फोन उचलायचा नाही, चहाची वेळ बदलायची, शेवटी अभ्यासिकाच बदलायची. दादा दोन आठवडे त्याच्यासाठी वेळ राखून ठेवतो, मग विचारायचं सोडतो, आणि पुढच्या वर्षी नवा मुलगा आला की त्याच्याशी तुटक वागतो. आपल्या पद्धतीत काही अडचण होती का, हे त्याला कधीच कळत नाही. कारण निघून गेलेल्या प्रत्येकाने तापाचं आणि गावाचंच कारण दिलेलं असतं.

पद्धत न जुळणं म्हणजे नक्की काय, हे मोघम बोलून समजत नाही. मी जवळून पाहिलेलं एक उदाहरण सांगतो. परभणी जिल्ह्यातली एक मुलगी अशाच एका दादाकडे उत्तरं दाखवायची. मराठवाड्यातली पाणीटंचाई कितपत निसर्गामुळे आणि कितपत माणसामुळे, हे तपासायला सांगणारा प्रश्न होता. तिने लिहिलं ते पावसाबद्दल. सह्याद्रीचा पर्जन्यछायेचा प्रदेश, मान्सूनचा लहरीपणा, दोन पावसांमधला खंड. शेवटच्या तीन ओळींत उसाचा उल्लेख आणि ‘जलसाक्षरता हवी’ हा समारोप. माहिती चुकीची नव्हती. पण प्रश्नाने दोन बाजू तोलायला सांगितल्या होत्या आणि तिने एकच बाजू लिहिली. मुलांच्या भाषेत, प्रश्नाची डिमांडच पकडली नाही.

दादाने वाचलं, पानावर आडवी रेघ मारली आणि पाठकोऱ्या कागदावर स्वतः पूर्ण उत्तर लिहून दिलं. उत्तर खरोखर उत्तम होतं. बेसाल्टच्या कठीण खडकात पाणी फारसं साठत नाही, ही निसर्गाची बाजू. दुसऱ्या बाजूला उसाचं क्षेत्र, जायकवाडीच्या वर नाशिक-अहिल्यानगर पट्ट्यात झालेली धरणं आणि त्यावरून दर दुष्काळात पेटणारा गोदावरीच्या पाण्याचा वाद, समन्यायी वाटपाचा 2005 चा कायदा, 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला आणावं लागलेलं पाणी. शेवटी एका ओळीत निवाडा: पाऊस कमी हे खरं, पण टंचाई संकटापर्यंत जाते ती पाण्याच्या वापरामुळे आणि वाटपामुळे. तिने ते दोनदा उतरवून काढलं आणि पाठ केलं.

पुढच्या आठवड्यात प्रश्न आला, कोकणात भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात टंचाई का होते, याचं परीक्षण करा. तिने परत पावसावरच दीड पान लिहिलं. तीव्र उतार, आखूड नद्या, पाणी झरझर समुद्राला मिळणं, जांभ्या दगडात न टिकणारं पाणी. साठवणीची कामं, गाळाने भरलेल्या विहिरी, नळपाणी योजनांची देखभाल, ही माणसाची बाजू जवळपास नव्हतीच. म्हणजे आठवड्यापूर्वी जे चुकलं होतं तेच पुन्हा चुकलं. मराठवाड्याचं उत्तर तिला तोंडपाठ होतं, पण ते उत्तर दादाने कसं बांधलं हे तिच्या हाताला कळलंच नव्हतं. दादाने पुन्हा रेघ मारली आणि पुन्हा पूर्ण उत्तर लिहून दिलं.

हाच दादा दुसऱ्या एका मुलाला मात्र फार उपयोगी पडत होता. तो मुलगा दिवसा नोकरी करायचा. उत्तराची बांधणी त्याला जमायची, पण आशय तुटपुंजा होता, कारण वाचायला वेळच नव्हता. दादाचं तयार उत्तर म्हणजे त्याच्यासाठी तीन पुस्तकांचा अर्क. तो त्यातली माहिती उचलायचा आणि आपल्या मांडणीत बसवायचा. दादा तोच, कागद तोच, मेहनत तेवढीच. एकाला फायदा आणि दुसरीला तोटा झाला, कारण दोघांची उणीव वेगळी होती. मुलीला कुणीतरी रेघ न मारता विचारायला हवं होतं, ‘तुझ्या उत्तरातली किती वाक्यं प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला उत्तर देतात, ती अधोरेखित कर.’ तेवढं करायला लावलं असतं तर पान तिचं तिलाच दिसलं असतं.

यावर आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. आजकालच्या मुलांना कुणी बोललेलं सोसत नाही, टीका झाली की ‘पद्धत जुळत नाही’ म्हणून पळतात, असं सीनिअर म्हणतात. असे पळणारे असतात, मी नाकारणार नाही. पण पळणं आणि न जुळणं यातला फरक तपासता येतो. त्याच सीनिअरने बघितलेली आपली पाच-सहा उत्तरं काढावीत आणि तारखेनुसार ओळीने ठेवावीत. पहिल्या उत्तरातली मुख्य चूक शेवटच्या उत्तरात आहे का ते बघावं. ती चूक गेली असेल आणि तरी मन दुखावलेलं असेल, तर दुखणं बोलण्याच्या सुराचं आहे, सल्ला लागू पडतो आहे. अशा वेळी थांबावं आणि सुराबद्दल बोलावं. चूक जशीच्या तशी असेल आणि दादाने दिलेली उत्तरं मात्र पाठ झालेली असतील, तर सल्ला पोचतच नाहीये. दुसरी खूण त्याहून सोपी. दादाशी बोलून उठल्यावर उद्या सकाळी टेबलावर बसून नेमकं वेगळं काय करायचं, हे एका वाक्यात सांगता येतं का? येत नसेल, तर त्या तासाभरात दोघांचाही वेळ गेला. चारचौघांत अपमान करणाऱ्याच्या बाबतीत मात्र ही तपासणी करत बसायची गरज नाही. तिथून उठावं.

मध्ये एक पायरी आहे आणि ती गाळू नये, असं मला वाटतं. सोडण्याआधी एकदा मागून बघावं. त्या मुलीने मागितलं होतं: ‘दादा, पूर्ण उत्तर लिहू नका, फक्त कुठे भरकटले तिथे खूण करा.’ त्याने दोन-तीन वेळा केलंही. मग परत आपल्या वळणावर गेला. त्यात त्याचा आडमुठेपणा नव्हता. ज्याला विषय येतो त्याच्या हातून चांगलं उत्तर दहा मिनिटांत उतरतं. दुसऱ्याचं उत्तर कुठे आणि का वळलं हे शोधायला त्याहून जास्त वेळ आणि वेगळंच लक्ष लागतं. प्रत्येक हुशार माणसाकडे ते असेलच असं नाही, आणि फुकट वेळ देणाऱ्याकडे ‘तुमचा स्वभाव बदला’ असा तगादा लावणं योग्य नाही. एकदा मागावं, आणि जमलं नाही तर आभार मानून थांबावं.

आता सांगायचं कसं. ती मुलगी आधी प्रत्यक्ष भेटून बोलली आणि रात्री हा मेसेज पाठवला. तिच्या परवानगीने देतो:

‘दादा, गेले काही आठवडे तुम्ही स्वतःचा अभ्यास सोडून माझी उत्तरं बघितलीत, त्याबद्दल मनापासून आभार. गोदावरीच्या पाणीवाटपाचा मुद्दा मला तुमच्यामुळे नीट कळला. पण तयार उत्तर मिळालं की मी ते पाठ करते आणि प्रश्न बदलला की पुन्हा तिथेच चुकते, हे आता माझ्या लक्षात आलंय. मला माझंच उत्तर खुणा बघून परत लिहिलं की जास्त जमतं. म्हणून सोमवारपासून मी तुम्हाला उत्तरं पाठवणार नाही. माझा वेळ तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या. तुमची फाईल उद्या अभ्यासिकेत आणून देते.’

या मेसेजचं मोल मला त्यातल्या नेमकेपणात वाटतं. आभार कशाचे, तर पाणीवाटपाच्या मुद्द्याचे. ‘तुमच्यामुळे आयुष्य बदललं’ असलं काही तिने लिहिलं नाही, कारण पुढच्याच ओळीत नकार असला की अशी भरमसाठ स्तुती पोकळ वाटते आणि ऐकणाऱ्याला आधीची सगळी स्तुतीही खोटी वाटू लागते. कारण खरं दिलं, आणि ते स्वतःच्या शिकण्याबद्दल दिलं. दादा कसा शिकवतो यावर तिने निकाल दिला नाही, पण आपल्या बाबतीत काय घडतंय हे झाकलंही नाही. आणि ‘सोमवारपासून’ हा शब्द फार महत्त्वाचा. बहुतेक जण इथे ‘सध्या थोडं थांबते’ असं लिहितात. ते ऐकायला मऊ वाटतं, पण समोरचा माणूस ‘सध्या’ संपायची वाट बघतो. त्याचा रोजचा पाव तास अडकून राहतो आणि महिन्याभराने तोच प्रश्न दोघांपुढे पुन्हा उभा राहतो. फाईल परत करण्याची गोष्ट किरकोळ वाटेल, पण दादाच्या नोट्स वर्षभर आपल्याकडे ठेवून त्याचं मार्गदर्शन नाकारणं शोभत नाही.

तिने ‘वैकल्पिक विषय बदलतेय’, ‘घरी अडचण आहे’ अशी सबब सांगितली नाही, हेही मला महत्त्वाचं वाटतं. पेठेतलं जग लहान आहे. त्याच मेसमध्ये, त्याच झेरॉक्सच्या दुकानात भेट होते. आठ दिवसांत दुसऱ्या सीनिअरसमोर वही उघडून बसलेली दिसली की सबब उघडी पडते, आणि मग ‘माझं काही चुकलं असेल तर तोंडावर सांगायचं होतं’ ही तक्रार रास्त ठरते. त्यासाठीच आपल्या गटातल्या मैत्रिणींना सांगण्याआधी दादाला सांगायचं. त्याला ते तिसऱ्याच माणसाकडून कळलं, तर शब्द कितीही गोड असले तरी उपयोग नाही.

वेळही बघावी. टेस्टचं एक आवर्तन संपलं की, किंवा एका विषयाची उत्तरं पूर्ण झाली की सांगणं सोयीचं. मुख्य परीक्षा महिन्यावर आली असताना सीनिअरचं स्वतःचं मन ताणावर असतं. तेव्हा लांबलचक बोलणं काढू नये. दोन वाक्यांत आभार मानून उत्तरं पाठवणं थांबवावं आणि सविस्तर बोलणं परीक्षेनंतर ठेवावं.

भीतीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. ‘उद्या हा अधिकारी झाला तर?’ ‘याच्या ओळखीवर रूम मिळाली आहे’, ‘अभ्यासिकेत याचाच शब्द चालतो.’ बाहेरगावाहून कॉट बेसिसवर येऊन राहिलेल्या मुलांना, त्यातही मुलींना, ही भीती खरीच असते. तिला भ्याडपणा म्हणणारा माणूस पेठेत कधी राहिलेला नसावा. पण ज्या मदतीला नाही म्हटल्यावर रूम जाईल अशी भीती वाटते, त्या मदतीची किंमत आपण आधीच मोजतो आहोत. अशा ठिकाणी आधी रूमची आणि जागेची दुसरी सोय बघावी आणि मग बोलावं. हे हिशेबीपणाचं वाटत असेल तर वाटू दे. खरं बोलायला पायाखाली जमीन लागते.

परंपरेचा दाखला देऊन ‘एकदा गुरू केला की सोडायचा नाही’ असं सांगणारेही भेटतात. आपल्याच परंपरेत दत्तात्रेयांचे चोवीस गुरू सांगितले आहेत, आणि प्रत्येकाकडून त्यांनी एकेकच गोष्ट घेतली आहे. पृथ्वीकडून सहनशीलता घेतली म्हणून मधमाशीकडे जाऊ नये, असं कुणी म्हणत नाही. दादाकडून गोदावरी घेतली आणि उत्तराची बांधणी दुसरीकडे शिकली, तर त्यात दादाचा मान कमी होत नाही.

सीनिअरना मात्र माझं एक आग्रहाचं सांगणं आहे, कारण ही कोंडी फोडणं त्यांच्या हातात जास्त आहे. नवा मुलगा वही घेऊन आला की पहिल्या दिवशीच त्याला सांगा: ‘मी पूर्ण उत्तर लिहून देतो, ही माझी पद्धत. पाच उत्तरं बघू. पाचव्यानंतर आपण दोघं वही उघडून बसू आणि तुला उपयोग होतोय का ते ठरवू. नाही झाला तर मी तुला दुसऱ्या कुणाकडे पाठवीन.’ हे सीनिअरच्या तोंडून आधी आलं की ज्युनिअरला ‘नको’ म्हणायला धाडस लागत नाही, फक्त पाचव्या उत्तराची तारीख लागते. आणि मेसेज आल्यावर ‘तुला टीका सोसत नाही’ हे वाक्य ओठावर आलं, तरी पाठवण्याआधी त्या मुलाची पहिली आणि शेवटची वही शेजारी ठेवून बघा.

त्या दादाने मुलीला उत्तर पाठवलं: ‘ठीक आहे. फाईल राहू दे, गोदावरीची पानं झेरॉक्स करून घे आणि मग दे. खुणा करून तपासणारा एक जण लायब्ररीत बसतो, त्याच्याशी बोलतो.’ दुसऱ्या दिवशी तो खरंच बोलला. तिची जागा रिकामी झाल्यावर त्याने नोकरी करणाऱ्या त्या मुलाची रोज दोन उत्तरं बघायला सुरुवात केली.